‘पाणी येत नाही’ असा मेसेज आला, तर आधी काय विचारायचं?

सोसायटीचा तक्रारीचा फोन ज्यांच्याकडे असतो, त्या सेक्रेटरी, मॅनेजर किंवा हौशी सभासदांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची ही उत्तरं. तक्रारी शंभर प्रकारच्या असतात. इथे एकच घेतली आहे, कारण पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीत सकाळी सातला तीच येते.

सगळे प्रश्न एकदम विचारून टाकले की वेळ वाचतो ना?

वाचतो, पण विचारणाऱ्याचा. तुम्ही एका मिनिटात सात प्रश्न टाइप करून मोकळे होता आणि त्यांची उत्तरं गोळा करायला समोरच्याला घरभर फिरावं लागतं.

एक खरा प्रसंग पाहा. सहा मजली इमारत, सकाळी ७:२० ला सर्वांत वरच्या मजल्यावरच्या ६०३ मधून काकूंचा मेसेज आला: “पाणी येत नाही.” कमिटीतल्या एका तत्पर सभासदाने दोन मिनिटांत उत्तर दिलं:

“कधीपासून नाही? सगळ्या नळांना नाही का? गरम पाणी येतंय का? शेजारी विचारलंत का? तुमचा आतला कॉक चालू आहे ना? मागच्या महिन्यात प्लंबर आला होता त्याने काय केलं होतं? आणि आज घरी कोणी आहे ना?”

दहा मिनिटांनी काकूंचं उत्तर आलं: “हो, आहे ना. पण पाणी कधी येणार?”

सातांपैकी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. सातांत कामाला सर्वांत कमी येणारा प्रश्न तोच होता. बाकीचे सहा हवेत राहिले, आणि विचारणाऱ्याला वाटलं की काकू नीट वाचत नाहीत.

काकूंनी नीट वाचलं नाही, असंच नाही का?

वाचलं होतं. माणसं बोलताना अशीच वागतात. हार्वी सॅक्स या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने खऱ्या संभाषणांच्या ध्वनिमुद्रणांचा बारकाईने अभ्यास केला होता. त्याचं एक निरीक्षण असं की, कोणी एका दमात दोन प्रश्न विचारले की ऐकणारा बहुतेक वेळा शेवटच्या प्रश्नाला आधी उत्तर देतो. कारण तोच सर्वांत जवळ असतो. पहिल्याचा नंबर नंतर लागतो. सात प्रश्न असतील तर पहिल्यापर्यंत परत जायला कोण बसलंय?

दुसरं असं की हे प्रश्न एका जातीचे नाहीत. ‘कधीपासून नाही’ यासाठी आठवावं लागतं. ‘गरम पाणी येतंय का’ यासाठी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून थांबावं लागतं. ‘शेजारी विचारलंत का’ यासाठी दार उघडून बेल वाजवावी लागते. ‘आतला कॉक’ म्हणजे काय, हे आधी कळावं लागतं आणि मग तो सिंकखालच्या कपाटात, डब्यांच्या मागे शोधावा लागतो. प्लंबरचा प्रश्न तर उलटतपासणीसारखा लागतो, जणू चूक यांचीच. नेल्सन कोवन या मानसशास्त्रज्ञाने २००१ साली मांडलं की माणूस एका वेळी साधारण चारच गोष्टी मनात धरू शकतो. आणि इथे गॅसवर दूध आहे, मुलांची व्हॅन यायची आहे, नळ कोरडा आहे. त्या चारांतल्या तीन जागा आधीच भरलेल्या आहेत.

तिसरं नुकसान विचारणाऱ्याचं होतं. लांब यादीवर जी उत्तरं येतात, ती कुठल्या प्रश्नाची, हे कळत नाही. “नाही” असं एकटं उत्तर आलं तर ते गरम पाण्याबद्दल की शेजाऱ्यांबद्दल? मग तो नवा प्रश्न.

मग एक प्रश्न निवडायचा कसा?

आधी हातात फोन न घेता डोक्यात दोन गोष्टी मांडायच्या: काय काय झालेलं असू शकतं, आणि त्या प्रत्येक वेळी मी पहिलं पाऊल कोणतं उचलेन.

‘पाणी येत नाही’ याची वरच्या मजल्यावरची नेहमीची कारणं चार. गच्चीवरची टाकी रिकामी असेल. टाकीतून खाली येणाऱ्या पाइपाच्या ओळीचा व्हॉल्व्ह बंद असेल किंवा पाइपात हवा धरली असेल. फ्लॅटचा स्वतःचा कॉक बंद असेल. नाहीतर एकाच नळाची जाळी चोंदली असेल. यापेक्षा विचित्र कारणंही असतात, पण त्यांच्या मागे सुरुवातीलाच लागायचं नाही.

आता पावलं. टाकी रिकामी असेल तर पंप पाहायचा. व्हॉल्व्ह असेल तर गच्चीवर माणूस पाठवायचा. आतला कॉक असेल तर फोनवरूनच सांगता येतं. जाळी असेल तर प्लंबर दुपारी आला तरी चालतो. चार कारणं, चार वेगळी पावलं. ज्या प्रश्नाच्या उत्तराने माझं पाऊल बदलतं, तोच विचारण्यासारखा. ‘कधीपासून’ हा प्रश्न सगळ्यांना सुचतो, पण उत्तर ‘रात्रीपासून’ येवो की ‘आत्तापासून’, माझा माणूस तिकडेच जाणार आहे. म्हणून तो गळतो.

मग एक चाळणी आणखी: जे मला स्वतःला पाहता येतं, ते समोरच्याला विचारायचं नाही. टाकीत पाणी आहे का, हे वॉचमन पाच मिनिटांत पाहून सांगतो. प्लंबर मागच्या महिन्यात काय करून गेला, हे कमिटीच्या वहीत असतं. हे काम सदस्याच्या अंगावर टाकणं म्हणजे आपला आळस त्याच्या वेळेने भागवणं.

राहिलेल्यांतून असा प्रश्न घ्यायचा की त्याचं उत्तर माणूस आहे त्या जागेवरून, किंवा फार तर चार पावलं टाकून देऊ शकेल, आणि जो उरलेल्या कारणांचे जवळपास सारखे दोन भाग करेल. इथे तो असा निघतो: “फक्त स्वयंपाकघरात नाही, की बाथरूमलाही नाही?”

हाच प्रश्न का? ‘शेजारी येतंय का’ हा जास्त सोपा नाही का?

ऐकायला सोपा आहे, पण बहुतेक इमारतींत तो फसवतो. यासाठी पाणी घरात येतं कसं, हे एकदा नजरेसमोर आणायला हवं.

पालिकेचं पाणी जमिनीखालच्या टाकीत पडतं, पंपाने गच्चीवरच्या टाकीत जातं आणि तिथून उभ्या पाइपांनी डक्टमधून खाली उतरतं. हे उभे पाइप मजल्याप्रमाणे नसतात. एकाखाली एक असलेली स्वयंपाकघरं बहुधा एका पाइपावर असतात, आणि एकाखाली एक असलेली बाथरूम दुसऱ्या. म्हणजे ६०३ च्या सिंकचं नातं ५०३ आणि ४०३ च्या सिंकशी असतं, जिन्यासमोरच्या ६०४ शी नसतं. ६०४ मध्ये धो धो पाणी असेल आणि तरीही ६०३ ची ओळ बंद असेल. शेजाऱ्यांकडे पाणी आहे एवढ्यावरून ‘तुमच्याच घरातला प्रॉब्लेम’ असं सांगून मोकळे होणारे कमिटीवाले पुष्कळ आहेत, आणि त्यांच्याशी होणारी भांडणंही पुष्कळ.

विचारायचंच तर खालच्या मजल्याला विचारावं. पण तेही काकूंनी खाली उतरून का विचारावं? तो फोन तुम्ही करू शकता.

वरच्या प्रसंगात पुढे काय झालं?

सगळी यादी बाजूला ठेवून मी वॉचमनला गच्चीवर पाठवलं. एकच तक्रार आली आहे म्हणजे टाकी भरलेलीच असणार, असं मानता येत नाही, विशेषतः तक्रार सर्वांत वरच्या मजल्याची असेल तर. टाकी रिकामी झाली की उभ्या पाइपात उरलेलं पाणी खालच्या मजल्यांना काही वेळ मिळत राहतं आणि वरचे आधी कोरडे पडतात. वॉचमनने वरून सांगितलं की टाकी निम्म्याच्या वर आहे. चारांपैकी एक कारण गेलं, तेही काकूंना न विचारता.

मग ७:३५ ला मी काकूंना एकच ओळ पाठवली: “काकू, टाकीत पाणी आहे. फक्त स्वयंपाकघरात येत नाही, की बाथरूमलाही नाही?”

मिनिटाभरात उत्तर: “बाथरूमला नेहमीसारखं आहे. स्वयंपाकघरातच नाही.”

या एका उत्तराने बाथरूमची ओळ सुटली आणि फ्लॅटला एकच मुख्य कॉक असता तर तोही सुटला असता. राहिलं काय? स्वयंपाकघराची उभी ओळ, तिथला कॉक, किंवा सिंकच्या नळाची जाळी. आता दुसरा प्रश्न, आणि तो पहिल्याच्या उत्तरातूनच निघालेला: “ड्राय बाल्कनीतला वॉशिंग मशीनचा नळ सोडून पाहता का?” त्या इमारतीत तो नळ स्वयंपाकघराच्याच ओळीवर आहे. सिंकची जाळी चोंदलेली असती तर तिथे पाणी आलं असतं. “तिथेही थेंब नाही,” असं उत्तर आलं.

आता जाळीचा प्रश्नच उरला नाही. आदल्या संध्याकाळी टाकी धुतली होती. धुण्यापूर्वी कामगार सगळे व्हॉल्व्ह बंद करतात आणि नंतर एकेक उघडतात, आणि एखादा राहून जातो. वॉचमन तिथेच गच्चीवर होता. स्वयंपाकघराच्या ओळीचा व्हॉल्व्ह खरंच बंद निघाला. उघडल्यावर नळ आधी फुसफुसला, दोन-तीन मिनिटं हवा आणि पाणी मिसळून आलं, मग धार लागली. तोवर ३०३ मधूनही तक्रार आली होती. पाइपातलं उरलंसुरलं पाणी तिथे तेव्हा संपलं होतं.

एकूण दोन प्रश्न झाले. त्यातला दुसरा सुरुवातीलाच विचारला असता तर काकूंना त्याचं कारण कळलं नसतं, आणि उत्तर “येत नाही” असं आलं असतं तरी जाळी सोडून बाकी सगळ्या शक्यता खुल्या राहिल्या असत्या. पहिल्याच्या मागे ठेवल्याने त्याला अर्थ आला.

काकूंना आधी ‘टाकीत पाणी आहे’ हे सांगायची काय गरज होती?

होती. तक्रार करणाऱ्याला उत्तराआधी काहीतरी झालेलं दिसावं लागतं. नुसता प्रश्न गेला की वाटतं, हे फक्त विचारणार. आपण काय पाहिलं ते एका वाक्यात सांगून मग प्रश्न विचारला की त्यालाही उत्तर द्यावंसं वाटतं. शिवाय ‘टाकी रिकामी आहे का’ हा त्याच्या मनातला उलट प्रश्न तिथेच मिटतो. एवढंच पुरे. टाकी कधी धुतली, व्हॉल्व्ह किती आहेत, हे पुराण तिथे नको.

प्रश्नाची भाषा कशी असावी?

दोनांतून एक निवडता येईल अशी, आणि डोळ्यांनी दिसणाऱ्या गोष्टीबद्दल. “प्रेशर कसं आहे?” या प्रश्नाला “कमी आहे” असं उत्तर येतं, आणि त्यातून काहीच कळत नाही. कारण सहाव्या मजल्यावर प्रेशर तसंही कमीच असतं. टाकी आणि नळ यांत जेवढी उंची तेवढाच दाब. दहा मीटर उंचीला साधारण एक किलो. वरच्या मजल्याला ती उंची दोन-तीन मीटरच मिळते. त्याऐवजी “अजिबात थेंब नाही, की बारीक धार आहे?” असं विचारावं. थेंबही नसेल तर बहुधा काहीतरी बंद आहे, बारीक धार असेल तर बहुधा काहीतरी अडकलंय किंवा हवा आहे.

‘कॉक’, ‘राइजर’, ‘बॉल कॉक’ हे शब्द प्लंबरशी बोलताना ठीक. सदस्याला ‘सिंकखाली पाइपावर जी चावी असते ती’ असं सांगावं.

आणि एका वाक्यात ‘आणि’ घालून दोन प्रश्न कोंबू नयेत. “गरम आणि गार दोन्ही येतंय का?” याला “नाही” असं उत्तर आलं तर काय समजायचं? दोन्ही नाही, की दोन्हींतलं एक नाही?

दोन प्रश्न खरंच लागत असतील तर?

दोन्हींची उत्तरं एकाच नजरेत मिळत असतील तर खुशाल विचारा, तो एकच प्रश्न समजा. “कोणत्या नळाला नाही, आणि धार बारीक आहे की काहीच नाही?” हे नळासमोर उभं राहून एकदम कळतं. वेगवेगळ्या जागी जावं लागत असेल, किंवा एक आठवायचा आणि एक पाहायचा असेल, तर थांबा. आधी पहिल्याचं उत्तर येऊ द्या. बरेचदा दुसरा विचारायची वेळच येत नाही.

फ्लॅट नंबर मात्र नसेल तर तोच पहिला प्रश्न. ‘पाणी नाही’ एवढंच लिहिणारे सदस्य प्रत्येक सोसायटीत असतात, आणि विंग सांगायला ते हमखास विसरतात.

कधी काहीच विचारू नये?

शुक्रवारी सकाळी. थट्टा नाही. पुणे महापालिका दुरुस्तीच्या कामांसाठी बरेचदा गुरुवारी पाणी बंद ठेवते आणि सूचनेत पुढे ठरलेलं वाक्य असतं: शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणीपुरवठा होईल. अशा दिवशी दहा घरांतून मेसेज आले तर त्यांना स्वयंपाकघर-बाथरूम विचारत बसू नका. आधी जमिनीखालची टाकी पाहा. तीच रिकामी असेल तर पंपही कोरडा चालू राहू देऊ नका, सील जातं. सगळ्यांना एकदम सांगा: पाणी कधी येईल याचा अंदाज काय, आणि टँकर मागवला आहे की नाही.

दुसरं, धोका असेल तर. गिझर चालू असताना पाणी गेलं असेल, किंवा मीटरच्या खोलीत पाणी झिरपत असेल, तर प्रश्न मागाहून. आधी सूचना: “गिझरचा स्विच बंद करा”, “मीटरजवळ कोणी जाऊ नका, इलेक्ट्रिशियन येतोय.” सूचना आणि प्रश्न एका मेसेजमध्ये असले तर लोक प्रश्नाचं उत्तर देतात आणि सूचना विसरतात.

तिसरं, जेव्हा अंदाजाने काम सुरू करायला काहीच लागत नाही. वॉचमनला गच्चीवर पाठवणं फुकट आहे आणि तो रिकाम्या हाताने परत आला तरी काही बिघडत नाही. अशा वेळी विचारण्यापेक्षा पाठवावं. याउलट, बाथरूमची फरशी फोडायची असेल तर कितीही विचारा, कारण ती परत बसवायला खर्च आहे, आणि तशीच फरशी आता बाजारात मिळेलच असं नाही.

उत्तर ‘माहीत नाही’ आलं तर?

म्हणजे प्रश्न चुकीच्या माणसाला गेला, किंवा त्याला उठून जाणं शक्य नाही. एकट्या राहणाऱ्या आजोबांना सिंकखाली वाकून चावी पाहायला सांगणं बरोबर नाही. तिथे मेसेज थांबवून फोन करावा, आणि फोनवरही एकच विचारावं: “आजोबा, बाथरूमच्या बादलीत पाणी पडतंय का?” तरी जमलं नाही तर माणूस वर पाठवावा. प्रश्न पुन्हा वेगळ्या शब्दांत विचारत बसू नये. त्याने आजोबांना वाटतं की आपलंच काहीतरी चुकतंय.

मग तक्रारीचा फॉर्म भरून घेणं बरं नाही का? त्यात सगळं एकदाच येतं.

भिंतीला ओल येणं, प्लास्टर सुटणं, पार्किंगमधला दिवा जाणं, याला फॉर्म चांगला. ते काम आठवड्यावर गेलं तरी चालतं आणि सदस्य तो रात्री निवांत भरतो. ओलीच्या तक्रारीत तर तारखा, वरच्या फ्लॅटचा नंबर, फोटो असं सगळं लागतंच. सकाळी सातला कोरड्या नळासमोर उभ्या असलेल्या माणसाला मात्र फॉर्म पाठवू नका. ‘पाणी कधीपासून नाही’ या रकान्यात काय येतं ते माहीत आहे: “नेहमीच.”

तक्रार आवाजी मेसेजवर आली तर?

पूर्ण ऐका. दीड मिनिटाच्या तक्रारीत पहिलं मिनिट संतापाचं असतं आणि कामाची ओळ बहुधा शेवटाकडे येते, “तसं बाथरूमला येतंय म्हणा.” ती ऐकली की पहिला प्रश्न विचारायची गरज संपते आणि तुम्ही थेट ड्राय बाल्कनीवर जाता.